शून्यावं पद आधी काढा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथ्सच्या पेपरात मला हे गणित आलं होतं: पहिलं पद 1, दुसरं 3, पुढचं प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज, n व्या पदाचं सूत्र काढा. पद्धत पाठ होती. तरी दोन पानं √5 नं भरली आणि उत्तर चुकलं ते चुकलंच.

ही पदं 1, 3, 4, 7, 11, 18, 29, 47 अशी जातात. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ती ओळखली जातात. नियम फिबोनाचीचाच, फक्त सुरुवात वेगळी. शाळेत वृत्तं शिकताना लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरायचो, तिथेही हाच नियम लपलेला आहे. n मात्रांची ओळ लघूनं संपेल तर आधी n−1 मात्रा उरतात, गुरूनं संपेल तर n−2. म्हणून ओळी रचण्याचे प्रकार 1, 2, 3, 5, 8 असे वाढतात. जैन पंडित हेमचंद्रानं ही मोजणी 1150 च्या सुमारास मांडली, म्हणजे फिबोनाचीच्या 1202 च्या ग्रंथाआधी.

आता पद्धत. नियम असा:

a(n) = a(n−1) + a(n−2)

पदं साधारण ठरावीक पटीनं वाढताना दिसतात (29 भागिले 18 म्हणजे 1.611, 47 भागिले 29 म्हणजे 1.621), म्हणून a(n) = rⁿ धरून बघायचं. दोन्ही बाजूंना rⁿ ⁻ ² नं भागलं की उरतं r² = r + 1, म्हणजे

r² − r − 1 = 0

हेच लक्षण समीकरण, कॉलेजच्या भाषेत कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन. मुळं (1+√5)/2 आणि (1−√5)/2, म्हणजे अंदाजे 1.618 आणि −0.618. त्यांना p आणि q म्हणू. pⁿ नियम पाळतो, qⁿ सुद्धा पाळतो, आणि नियम रेषीय असल्यामुळे A·pⁿ + B·qⁿ ही बेरीजही पाळते. मुळं नियमातून येतात, A आणि B सुरुवातीच्या दोन पदांतून.

पदं डावीकडे नेताना r चं चिन्ह बदलायचं राहिलं, तर r² + r − 1 = 0 होतं आणि मुळं 0.618 आणि −1.618 येतात. ही चूक लगेच पकडता येते: इथे चिन्ह सोडून मोठं असलेलं मूळ ऋण आहे, मग पदं आलटून पालटून धन-ऋण व्हायला हवीत. आपली तर सगळी धन आहेत.

माझी गाडी अडली ती A, B काढताना. मी n = 1 आणि n = 2 घातलं:

A·p + B·q = 1
A·p² + B·q² = 3

p² म्हणजे (3+√5)/2. दोन समीकरणं, प्रत्येकात √5, आणि वजाबाकीत कुठेतरी एक चिन्ह पडलं. पेपर झाल्यावर रूममेटनं माझी रफ शीट बघितली आणि म्हणाला, "अरे, एक पाऊल मागे का नाही गेलास?"

नियम उलटा चालवायचा. शून्यावं पद म्हणजे 3 − 1 = 2. आता n = 0 आणि n = 1 घाला:

A + B = 2
A·p + B·q = 1

पहिल्या ओळीत √5 उरलंच नाही. दुसऱ्यासाठी मुळांची बेरीज आठवा: p + q = 1. म्हणजे A = B = 1 ठेवलं की दोन्ही समीकरणं जुळतात, आणि p, q वेगळे असल्यानं दुसरं उत्तर असूच शकत नाही. सूत्र निघालं:

a(n) = pⁿ + qⁿ

तीन ओळींचं काम! ताळा पाचव्या पदावर घेऊ: p⁵ साधारण 11.090, q⁵ साधारण −0.090, बेरीज 11. ताळा नेहमी तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पदावर घ्यावा. जी दोन पदं घालून A, B काढलेले असतात, ती मुळं चुकली असली तरी जुळतातच.

qⁿ झपाट्यानं लहान होतो, त्यामुळे दुसऱ्या पदापासून pⁿ जवळच्या पूर्णांकात बदललं तरी पुरतं. p¹⁰ = 122.99, दहावं पद 123. पहिल्या पदाला मात्र हे चालत नाही, 1.618 चे 2 होतील.

दोन्ही मुळं सारखी आली तर हा साचा मोडतो. a(n) = 4a(n−1) − 4a(n−2) घ्या, सुरुवात 0 आणि 2. लक्षण समीकरण (r−2)² = 0. सवयीनं A·2ⁿ + B·2ⁿ लिहिलंत तर n = 0 ला A + B = 0 आणि n = 1 ला A + B = 1. अशी विसंगती दिसली की आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका, साचाच बदला: (A + B·n)·2ⁿ. मग A = 0, B = 1, आणि n·2ⁿ मधून 0, 2, 8, 24, 64 बरोबर मिळतात.