डिलिव्हरी लांबली? क्लायंटला कळवताना या चुका टाळा

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, वेल्डिंग करताना पार्ट जागच्या जागी धरून ठेवणारी फिक्स्चर बनवतो. ऑगस्ट 2025 मध्ये चाकणच्या एका क्लायंटचं फिक्स्चर 30 तारखेला द्यायचं होतं. 25 तारखेला, सोमवारी, हीट ट्रीटमेंटहून पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या लोकेटर पिना आल्या. ड्रॉइंगवर हार्डनेस 58 ते 60 एचआरसी, हातात आलेल्या पिना 52. अशा पिना उत्पादनात लवकर घासून जातात, म्हणजे सगळ्या नव्याने करणं आलं.

त्याच संध्याकाळी मी व्हॉट्सअ‍ॅप टाकला: ‘काही अपरिहार्य कारणास्तव डिलिव्हरीला थोडा विलंब होत आहे. तीन-चार दिवसांत पाठवतो.’ दहा मिनिटांत फोन. “अहो, तीन-चार दिवस म्हणजे नक्की किती तारीख? 30 ला माझा रोबोवाला येऊन बसणार आहे!”

पहिली चूक इथेच. ‘अपरिहार्य कारण’ वाचून क्लायंट एकच अर्थ काढतो: यांनी अजून काम हातात घेतलेलं नाही. दुसऱ्या मेसेजात मी उलट टोक गाठलं आणि सगळं खापर हीट ट्रीटमेंटवाल्यावर फोडलं. पण क्लायंटची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, माझ्या नावावर आहे, त्या माणसाशी त्याचं देणंघेणं नाही. नेमका बिघाड काय आणि आता काय करतोय, एवढंच त्याला हवं असतं.

खरी गोची नव्या तारखेची. उशीर एकदा झाला तर लोक सांभाळून घेतात, पण दुसऱ्यांदा दिलेली तारीखही हुकली की पुढची पीओ दुसरीकडे जाते. मी बोटांवर मोजलं होतं: टर्निंग दोन दिवस, हीट ट्रीटमेंट तीन, ग्राइंडिंग दोन, बसवणं एक, मोजणी एक. एकूण नऊ दिवस, म्हणजे 3 सप्टेंबर. मुळात ‘तीन-चार दिवस’ हेच खोटं होतं, आणि 3 सप्टेंबरही जमणारी नव्हती. कारण कॅलेंडर भिंतीवर होतं, मी पाहिलं नव्हतं.

27 तारखेला गणपती बसणार. 28 ला गुरुवार, आमची सुट्टी. म्हणजे टर्निंग 26 आणि 29 ला. हीट ट्रीटमेंट 30, 31 आणि 1. ग्राइंडिंग 2 आणि 3. चार तारखेला पुन्हा गुरुवार. बसवणं 5 ला. 6 ला विसर्जन, पुण्यात त्या दिवशी कामगार मागायचे नाहीत. 7 ला रविवार, मोजणीचा आर्म घेऊन येणारा रविवारी येत नाही. मोजणी 8 ला. हार्डनेस पुन्हा हुकला तर काय, म्हणून दोन दिवस हातचे. झाली 10 सप्टेंबर, बुधवार. ही तारीख सांगायला जीभ रेटत नव्हती, पण खरी तीच होती.

तिसरी चूक मी जवळजवळ केलीच होती: क्लायंटचं 30 तारखेला काय अडणार हे न विचारणं. त्याला त्या दिवशी उत्पादन काढायचं नव्हतं, रोबोला पॉइंट शिकवायचे होते. त्या कामाला 52 च्या पिना पुरतात, फक्त चार-दोन जॉब लावून काढायचे. म्हणजे फिक्स्चर वेळेवर जाऊ शकत होतं, नव्या पिना नंतर.

शेवटी 26 ला सकाळी मेल गेला:

‘लोकेटर पिनांचा हार्डनेस 58–60 ऐवजी 52 एचआरसी आला, म्हणून त्या आम्ही नव्याने करत आहोत. 30 ऑगस्टला फिक्स्चर सध्याच्या पिनांसह पाठवतो. त्यावर रोबो टीचिंग करता येईल, उत्पादन घेऊ नये. नव्या पिना तुमच्याकडे येऊन बसवू आणि मोजणीच्या रिपोर्टसह काम 10 सप्टेंबरला, बुधवारी पूर्ण करू. नव्या पिनांचा हार्डनेस 1 सप्टेंबरला संध्याकाळी कळवतो. ही तारीख मान्य असल्यास कृपया उत्तरात लिहावे आणि पीओत सुधारणा करून द्यावी.’

शेवटचं वाक्य बरेच जण संकोचाने गाळतात. पण आपण उशीर कळवला म्हणजे मुदत वाढली असं होत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे मुदत वाढवून देणं समोरच्याच्या हातात असतं. कलम 55 असं सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असताना त्याने उशिराचं काम स्वीकारलं, तर स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना दिल्याशिवाय त्याला नंतर ती मागता येत नाही. पण पीओत लेट डिलिव्हरीची कपात लिहिलेली असेल, तर अकाउंट्सवाला बिलातून ती सरळ कापतो आणि भांडण तिथून सुरू होतं. पीओवरची तारीख बदललेली असेल तर कापायला आधार राहत नाही. फोनवरचं “चालेल हो” अकाउंट्सपर्यंत पोहोचत नाही.

1 तारखेला हार्डनेस 59 आला, तसा फोटो पाठवला. 8 ला मोजणी झाली. हातचे दोन दिवस वापरावे लागले नाहीत, तरी 8 तारीख मी आधी कुणाला सांगितली नव्हती.