देहदानानंतरचे अंत्यविधी: आधी करून ठेवायची तयारी

देहदानाचा अर्ज भरून झाला की घरची माणसे निर्धास्त होतात. वडिलांच्या वेळी आमच्याकडे कागद सगळे होते; विधींचे काय करायचे हे मात्र कोणीच ठरवलेले नव्हते, आणि त्याचा त्रास दहाव्या दिवशी झाला. म्हणून ही यादी, आणि तिच्यात कागदांपेक्षा विधींना जागा जास्त आहे.

अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. तो भरणे सोपे आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच, आणि एका भावंडाने जरी हरकत घेतली तरी महाविद्यालय सहसा देह स्वीकारत नाही. त्यामुळे सर्वांशी आधीच बोलून घ्यावे. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, शवविच्छेदन झालेले असेल, कावीळ ब किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग असेल, तर देह नाकारला जातो. हे आयत्या वेळी कळू शकते. म्हणून नेहमीच्या दहनाची सोयही मनात ठरवून ठेवावी आणि गुरुजींना तशी कल्पना द्यावी.

गुरुजींशी बोलणे आधी व्हायला हवे, म्हणजे व्यक्ती जिवंत असताना, आणि शक्य असल्यास तिच्या समक्ष. घरातल्या ज्येष्ठांना समजावताना दधीचींची कथा उपयोगी पडते. नानाजी देशमुखांचा देह २०१० मध्ये दिल्लीच्या एम्सला दिला गेला, हेही सांगता येते. गुरुजींची अडचण वेगळी असते. दहन झालेच नाही तर पुढचे दहा दिवसांचे विधी कशाच्या आधारे करायचे, हा त्यांचा प्रश्न असतो आणि त्याला एकच उत्तर नाही. काही गुरुजी दर्भाची लहान प्रतिमा करून तिला मंत्राग्नी देतात. काही जण पालाशविधी सुचवतात, ज्यात पळसाच्या ३६० देठांची किंवा पानांची प्रतिमा करून तिचे दहन करतात. मात्र हा विधी मुळात देह सापडत नाही तेव्हाचा असल्याने, देह समोर असताना तो कशाला, असे म्हणणारे गुरुजीही भेटतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित, त्यांत स्त्रियाही आहेत, मराठीत अर्थ सांगत संस्कार करतात. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा आणि दिवस मृत्यूपासून मोजायचे की प्रतिमेच्या दहनापासून, हे दोन प्रश्न स्पष्ट विचारून उत्तर लिहून ठेवावे.

आता अश्मा. स्मशानात मडक्याला छिद्र पाडण्यासाठी जो खडा उचलतात, ज्याला अनेक घरांत जीवखडा म्हणतात, त्यालाच मृताचे प्रतीक मानून पुढे दहा दिवस त्याच्यावर तिलांजली देतात. स्मशानात गेले की तो आपोआप हाती येतो, कारण तिथले माहीतगार तो उचलून देतात. देहदानात स्मशानच नसते, त्यामुळे अश्म्याची आठवण कोणालाही होत नाही. आमच्याकडे गुरुजींनी इमारतीच्या वाहनतळातच देहाभोवती मडक्याच्या तीन फेऱ्या करवल्या, आयत्या वेळी कुंडीशेजारचा एक खडा उचलला गेला, आणि शववाहिका निघण्याच्या गडबडीत तो तिथेच राहिला. दुपारी रखवालदाराने पाणी मारून जागा धुतली. दहाव्याला गुरुजींनी अश्मा मागितला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. दुसरा खडा घेऊन झालेल्या तिलांजली पुन्हा द्याव्या लागल्या, आणि काकस्पर्शाला दुपार उलटली. म्हणून सांगतो, बोटाच्या पेराएवढा, हातात नीट धरता येईल असा एक खडा आधीच ठरवावा, तो कोणी उचलायचा हे ठरवावे, आणि नंतर तो कुठे ठेवायचा हेही ठरवावे. प्रथेप्रमाणे तो घराबाहेर ठेवतात, तेव्हा कुंडीत, गॅलरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी कापडात बांधून ठेवावा आणि झाडलोट करणाऱ्या प्रत्येकाला सांगावे. तुम्ही प्रतिमेचे दहन करणार असलात तरी अश्मा लागेल. अगदी साधा विधी ठरवला असेल तरी गुरुजींना विचारा की अश्मा लागेल का. ‘बघू तेव्हा’ हे उत्तर स्वीकारू नका.

वेळेचे गणित असे मांडावे. समजा पहाटे तीनला घरी मृत्यू झाला. डॉक्टर येऊन मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देईपर्यंत चार वाजतात, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय महाविद्यालय दारही उघडत नाही, म्हणून रात्री येणारा डॉक्टर आधी माहीत हवा. नेत्रदान करायचे असेल तर ते साधारण सहा तासांत व्हावे लागते. देहदानाआधी नेत्रदान चालते. पथक येईपर्यंत पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस आणि डोक्याखाली उशी. पथकाचे काम अर्ध्या तासात आटोपते. म्हणजे सहाच्या सुमारास स्नान आणि विधी सुरू होतात आणि सातला निघता येते. विधींना फार तर पाऊण तास मिळतो, हे गुरुजींना आधी सांगावे. घाई याची आहे की महाविद्यालयात धमनीतून फॉर्मॅलिनचे मिश्रण देहात सोडतात, आणि रक्त गोठून ऊती विघटित होऊ लागल्या की ते सर्वत्र पोहोचत नाही. दूरचे नातेवाईक येईपर्यंत थांबण्याचा आग्रह असेल तर देह शीतगृहात ठेवता येईल का, हे विभागाला विचारावे. रविवारी आणि रात्री स्वीकारतात का, हेही विचारावे, कारण सगळीकडे स्वीकारत नाहीत.

घरच्या विधीत देहाजवळ अग्नी, कापूर, तूप नको. तोंडात सोन्याचा मणी ठेवण्याची प्रथा असेल तर ती टाळावी, दागिने आणि कवळी काढून घ्यावी, गंगाजलाचे दोन थेंब ओठांवर पुरतात. तुळशीपत्र ठेवून निघण्यापूर्वी काढावे. जाड हार आणि हळद कमीच ठेवावी. आणि निघताना अश्मा कोणाच्या हातात आहे, हे एकदा मोठ्याने विचारावे.

महाविद्यालयात देह सुपूर्द केल्यावर दार बंद होते, त्यानंतर दर्शन मिळत नाही. अस्थी सहसा परत मिळत नाहीत. अभ्यास संपल्यावर अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावते. अस्थिविसर्जनाची अपेक्षा धरून बसलेल्या नातेवाइकांना हे आधीच सांगावे. प्रतिमेचे दहन केले असेल तर तिची रक्षा नाशिकला किंवा आळंदीला विसर्जित करतात.

पोचपावती घेतल्याशिवाय परतू नये, तिच्या चार-पाच प्रती काढाव्यात. स्मशानाची नोंद नसल्याने पालिकेत मृत्युनोंदणीसाठी पोचपावती आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्रच आधार असते, आणि घरी मृत्यू झाल्यास एकवीस दिवसांत नोंद करण्याची जबाबदारी घरच्यांची असते.

दहावा, अकरावा, बारावा, तेरावा नेहमीप्रमाणेच होतात. अश्म्याचे विसर्जन दहाव्याला, गुरुजी सांगतील तसे, आणि तोवर तो जागेवर आहे की नाही हे रोज सकाळी पाहावे.