हरवलेला दागिना परत करणाऱ्या भाविकाला आभारपत्र

देवस्थानच्या लेटरहेडवरचं हे पत्र आभाराचं असतंच, पण त्या भाविकासाठी ते पुरावाही ठरतं. उद्या कुणी "माझ्या माळेत दोन मणी जास्त होते" म्हणत आलं, तर त्याच्या हातात हेच पत्र असेल. म्हणून जावक क्रमांक, तारीख आणि दागिना जमा केल्याची वेळ घालाच.

मजकूर साधा ठेवा:

"स. न. वि. वि. दि. … रोजी दर्शनबारीत आपणांस सापडलेले पिवळ्या धातूचे मंगळसूत्र आपण त्याच दिवशी सायं. ६ वाजता कार्यालयात जमा केलेत. ओळख पटवून ते मूळ मालकांस पोच घेऊन सुपूर्द केले आहे. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल विश्वस्त मंडळ आपले आभारी आहे."

"पिवळ्या धातूचे" हे वाचायला रुक्ष वाटतं, पण पोलिसांच्या पंचनाम्यातही असंच लिहितात. सोनाराने तपासल्याशिवाय "सोन्याचे" लिहिलं आणि दागिना बेन्टेक्सचा निघाला, तर संशय बिचाऱ्या भाविकावरच येतो. वजनही त्याच्यासमोर केलं असेल तरच लिहा.

मालक अजून सापडला नसेल, तर "सुपूर्द केले" ऐवजी "कार्यालयात सुरक्षित ठेवले आहे" लिहा. अशा वेळी वाट्यांची घडण, तुटलेली कडी असल्या खुणा पत्रात नकोत. पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की त्याच खुणा सांगत भलताच कुणी हक्क सांगायला येतो. त्या खुणा नोंदवहीत लिहा, शेजारी भाविकाची सही घ्या.

मालकाचं नाव-पत्ता पत्रात देऊ नका. खाली सचिवांची सही आणि शिक्का. सोबत प्रसादाचा नारळ दिलात तर उत्तमच.