क्लासच्या ग्रुपवर महिन्याचं टाइमटेबल पिन करताना मी काय काय घोळ घातले

दहावीच्या एका क्लासमध्ये को-ऑर्डिनेटर म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, टाइमटेबल टाकायचं, पिन करायचं, झालं काम. बॅच सोम-बुध-शुक्र साडेसहाची. ऑगस्ट २०२५ चं टाकलं आणि तिथेच फसले, कारण १५ तारीख शुक्रवारी आली, सुट्टी, शनिवारी दहीहंडी, मग बदली लेक्चर रविवार १७ ला, आणि २७ ला बुधवारी गणपती. त्याचं लेक्चर मी रविवार ३१ ला लावलं तर पालकांचे फोन, अहो त्या दिवशी गौरी येतात आमच्याकडे! म्हणून ते २४ ला आणलं.

आता मेन चूक. हा बदल मी जुन्याच मेसेजमध्ये एडिट करायला गेले तर ऑप्शनच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटंच एडिट करता येतं. आणि करता आलं असतं तरी उपयोग काय, एडिटचं नवीन नोटिफिकेशन जात नाही, पोरांनी स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवलेला असतो. त्यामुळे आता बदल झाला की पूर्ण मेसेज नव्याने टाकते, जुना अनपिन करते, नवा पिन करते. दोन्ही पिन राहिले तर निम्मी मुलं जुनाच वाचतात, हे बघितलंय.

```
*ऑगस्ट, बदल २ (१२ ता. रात्री ९)*
बदल: ~शुक्र १५~ रवि १७, सकाळी ९
बदल: ~बुध २७~ रवि २४, सकाळी ९
बाकी सोम-बुध-शुक्र ६:३०
```

पहिली ओळ महत्त्वाची, कारण वरच्या पट्टीत तेवढीच दिसते. आधी मी तिथे "नमस्कार पालकहो" लिहायचे, म्हणजे मेसेज नवा की जुना कळायचंच नाही. जुनी तारीख पुसायची नाही, दोन्ही बाजूंना ~ लावून खोडायची, नाहीतर "मॅडम १५ ला आहे ना?" सुरूच. ~ च्या आतल्या बाजूला स्पेस मात्र द्यायची नाही, दिली की खोडलेलं न दिसता नुसती चिन्हंच दिसतात. आणि "बदल" हा शब्द फक्त बदललेल्या ओळीलाच, मग ग्रुपमध्ये तो सर्च केला की सापडतं. एकदा मी सगळ्याच ओळींना लाल गोळे लावले होते, एका आजोबांनी विचारलं, सगळेच क्लास कॅन्सल का?

पिन करताना मुदत विचारतो, २४ तास, ७ दिवस, ३० दिवस. मी घाईत ७ ठेवले आणि आठव्या दिवशी पिन गुपचूप गायब, कुणी सांगितलंही नाही, २४ च्या रविवारी नऊ वाजता वर्गात चारच पोरं. तेव्हापासून ३० निवडते, आणि बदली लेक्चरच्या आदल्या संध्याकाळी पिन केलेल्या मेसेजलाच रिप्लाय करून "उद्या ९" एवढं टाकते.