बांबूच्या बांधकामातील या चुका टाळा: सुकलेल्या बांबूवर लावलेले औषध आणि पोकळ कांड्यातला बोल्ट

इंदूर परिसरातील शेतघरांवर गेल्या काही वर्षांत बांबूचे मांडव, गोठे आणि बैठकीच्या पडव्या पुष्कळ उभ्या राहिल्या. त्या बिघडल्यावर पाहायला बोलावले जाते, तेव्हा दहापैकी आठ ठिकाणी मला त्याच दोन चुका दिसतात. दोन्हींचे मूळ एकच आहे: बांबूला लाकूड समजून काम केले जाते. दोन गाठींमधल्या कांड्यात बांबूचे तंतू फक्त लांबीच्या दिशेने जातात. लाकडात आडव्या जाणाऱ्या पेशी असतात, तशा बांबूत नसतात. त्यामुळे बाहेरून लावलेले औषध आत जात नाही आणि एकदा सुरू झालेली चीर कांड्यात कुठेच अडत नाही.

पहिली चूक औषधाची. खंडवा रस्त्याच्या बाजूला एका मराठी कुटुंबाने शेतावर 12 फूट बाय 18 फुटांची जेवणाची पडवी बांधून घेतली होती. मे महिन्यात शहरातल्या वखारीतून पिवळा पडलेला, वाजवल्यावर खणखणणारा सुकलेला बांबू आणला आणि ठेकेदाराने त्यावर बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणाचे दोन हात ब्रशने मारले. घरच्या आजोबांनी मला फोन केला तो पुढच्या फेब्रुवारीत. जेवणाच्या टेबलावर रोज सकाळी पिठासारखी पिवळसर भुकटी पडत होती आणि सूनबाई रोज ती पुसत होत्या. मी वाशाखाली काळा कागद धरून बोटाने टिचकी मारली, तर कागदावर चमचाभर भुकटी जमली. वाशाच्या कापलेल्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके होती. भुंग्याची ही खूण आहे. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या.

भुंगा येतो तो बांबूतल्या पिष्टासाठी. बांबूच्या बाहेरच्या सालीवर मेणाचा आणि सिलिकेचा थर असल्याने ब्रशने लावलेले द्रावण तिच्यावरून ओघळून जाते. ते आत शिरते ते फक्त कापलेल्या टोकांतून, रसवाहिन्यांच्या वाटेने आणि पोकळीच्या आतल्या भिंतीतून. बांबू सुकला की त्या वाहिन्यांत हवा भरते आणि ती वाट जवळजवळ बंद होते. म्हणून औषधाची प्रक्रिया ओल्या बांबूवरच करायची असते, आणि ती तोडणीनंतर जितकी लवकर होईल तितकी चांगली.

माझी पद्धत साधी आहे. बालाघाट किंवा बैतूलकडून माल सांगताना मी तीन वर्षांहून मोठा, पावसाळा संपल्यावर तोडलेला आणि ओलाच पोहोचणारा बांबू मागतो. कोवळा बांबू ओळखणे कठीण नसते, कारण त्याच्या अंगावर पांढरी भुकटी आणि गाठींवर जुनी आवरणे असतात. पक्क्या बांबूची साल मंद होते आणि तिच्यावर दगडफुलासारखे डाग येतात. बांबू आल्यावर 12 मिलिमीटरच्या लांब सळईने आतले सगळे पडदे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फोडतो. विटांच्या हौदात ताडपत्री अंथरून 100 लिटर पाण्याला 2 किलो बोरिक आम्ल आणि 3 किलो बोरॅक्स या प्रमाणात द्रावण करतो. बोरॅक्स थंड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तो आधी कोमट पाण्यात विरघळवून घेतो. बांबू तरंगतो, त्यामुळे त्यावर दगड ठेवावे लागतात. निदान दहा दिवस तो पूर्ण बुडालेला राहिला पाहिजे. त्यानंतर सावलीत उभा करून महिनाभर वाळवावा. आपल्याकडचा जवळजवळ भरीव नर बांबू असेल तर फोडायला पोकळी नसते आणि द्रावण फक्त टोकांतून जाते, म्हणून मी मुदत दुप्पट धरतो. शिल्लक द्रावण शेतात ओतू नये, कारण जास्त बोरॉन पिकाला मारतो.

औषध मध्यापर्यंत पोहोचले की नाही, हे मी प्रत्येक हौदातील एक बांबू मधोमध कापून पाहतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या हळदीचे पाणी कापलेल्या तोंडावर लावावे, सुकू द्यावे आणि त्यावर सॅलिसिलिक आम्ल मिसळलेले विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल हातमोजे घालून लावावे. बोरॉन असेल तिथे पिवळा रंग लाल होतो. त्या शेतावरच्या वाशाचा एक तुकडा मी असाच तपासला, तेव्हा बाहेरच्या कडेला केसाएवढी लाल रेघ आली आणि बाकी सगळे पिवळेच राहिले. दहा दिवस थांबायला नकार देणाऱ्या मंडळींना मी हा तुकडा दाखवतो, कारण तो पाहिल्यावर बोलायला फारसे काही उरत नाही.

दुसरी चूक त्याच पडवीत सापडली. वाशांची टोके खांबावर जिथे टेकत होती, तिथे मिस्त्रीने टोकापासून जेमतेम चार बोटांवर, पोकळ कांड्यात, एकाच सरळ रेषेत दोन बोल्ट घातले होते. पावसाळ्यातल्या वाऱ्याने छप्पर उचलले गेले तेव्हा बोल्टने तंतूंना लांबीच्या दिशेने रेटले आणि चीर टोकापर्यंत मोकळी झाली. तीन वाशांच्या टोकाला करंगळी शिरेल एवढी फट होती. नट आणखी आवळून ती फट बंद करण्याचा प्रयत्न कुणीतरी केला होता. पोकळ कांडे त्याने दबते आणि चीर वाढते.

जोडाची जागा बांबू कापण्याआधी ठरवायची असते. टोकापासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत गाठ येईल असाच बांबू त्या जागी निवडावा, मग दुसऱ्या बांबूच्या गोलाईत बसेल अशी खाच करवतीने त्या गाठीच्या पुढे कोरावी. बोल्ट गाठीच्या आतल्या बाजूस घ्यावा. भोक नेहमी ड्रिलने पाडावे आणि दोन बोल्ट एका तंतूच्या रेषेत कधीच घेऊ नयेत. ज्या कांड्यातून बोल्ट जातो ते 1 भाग सिमेंट आणि 3 भाग वाळूच्या घट्टसर मसाल्याने भरावे. त्यासाठी कांड्याच्या वरच्या अंगाला अंगठ्याएवढे भोक पुरते. मसाला पातळ केला तर बांबू पाणी पिऊन फुगतो, नंतर आकसतो आणि आत मसाला सुटा खुळखुळतो. माझी सवय म्हणून मी टोकाभोवती स्टीलचा पट्टी-क्लॅम्पही आवळतो. तो लहानसा दिसतो, पण चीर सुरू होण्याच्या जागीच तिला धरून ठेवतो. ओल्या बांबूने जोड करू नयेत, कारण सुकताना तो घेरात कमी होतो आणि सगळे नट ढिले पडतात.

खिळे तर कुठेच मारू नयेत.

खांब मातीत पुरू नयेत. काळी माती पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि बोरॉन पाण्याबरोबर वाहून जातो. खांब दगडी किंवा काँक्रीटच्या ओट्यावर, जमिनीपासून दीड फूट वर ठेवावा आणि काँक्रीटमधून आलेली सळई खालच्या मसाला भरलेल्या कांड्यात घ्यावी. छपराला तीन फुटांची वळचण नसेल तर तिरका पाऊस बोरॉन धुऊन नेतो. वॉर्निशने ते थांबत नाही.

त्या पडवीचे खांब ठोकून पाहिले तेव्हा त्यांचा आवाज अजून भरदार होता आणि त्यांवर भोके नव्हती, म्हणून आम्ही ते ठेवले. चौदा वासे मात्र काढून जाळले, नव्याने बुडवलेले वासे जानेवारीत बसवले आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी सगळे नट पुन्हा एकदा आवळले.