इफच्या वाक्यातला जादा ‘वुड’ असा पकडते

बारावीच्या मुलांचे इंग्रजी निबंध तपासताना एकच वाक्य पुन्हापुन्हा भेटायचं: ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ मुलं बिचारी मराठीतून विचार करतात. ‘मला कळलं असतं, तर मी आलो असतो’ यात ‘असतं’ दोन्हीकडे आहे, म्हणून ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे जातं. नुसतं लाल पेनाने खोडून काही फरक पडेना.

आता मी त्यांना आधी इफचा तुकडा स्वल्पविरामापर्यंत अधोरेखित करायला लावते. त्यात ‘वुड’ दिसला की गडबड. मग विचारायचं, गोष्ट कधीची? होऊन गेलेली असेल तर तिथे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ आत्ताची कल्पना असेल तर साधा भूतकाळ: ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू.’ इफ वाक्याच्या शेवटी आला तर स्वल्पविराम नसतो. तेव्हा इफपासून पुढे रेघ ओढायची.

काळ मात्र दोन्ही तुकड्यांना वेगवेगळा विचारावा. ‘इफ आय हॅड टेकन द मेडिसिन यस्टरडे, आय वुड बी फाइन नाऊ’ हे वाक्य बरोबर आहे, कारण औषध काल राहिलं आणि परिणाम आज आहे. जोडी जुळवण्याच्या नादात इथे ‘वुड हॅव बीन’ करू नये. ‘इफ यू वुड वेट हिअर’ अशा नम्र विनंतीतला ‘वुड’ही तसाच ठेवायचा.