मेटल गिअर सॉलिड कुठून सुरू करायचा? या चुका टाळा

'मेटल गिअर सॉलिड' या व्हिडिओ गेमच्या मालिकेत भागांच्या आकड्यांवर विसंबलात तर कथेचं कालगणित जुळत नाही. तिसरा भाग १९६४ मध्ये घडतो, पाचवा बहुतांश १९८४ मध्ये, आणि पहिला थेट २००५ मध्ये. मग नवा खेळाडू कागद-पेन घेऊन बसतो, सालं चढत्या क्रमाने लावतो आणि तिसऱ्यापासून सुरुवात करतो. पहिली चूक इथेच होते.

तिसरा भाग २००४ मध्ये आला, तोवर लोकांनी पहिले दोन खेळलेले होते. त्यातला तरुण नेकेड स्नेक पुढे कोण होणार, हे ठाऊक असलेल्यांसाठीच ती कथा रचली आहे. शेवटच्या अर्ध्या तासाचा भार त्या माहितीवर आहे. ती नसेल तर जंगलातला एक उत्तम हेरगिरीचा गेम हाती लागतो, पण तेवढंच. दुसऱ्या भागाचं तर पहिल्यावाचून पानच हलत नाही. त्यातल्या अनेक प्रसंगांत 'हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय' असं वाटावं अशी मुद्दाम योजना आहे. पहिला न खेळलेल्याला ते नुसतंच विचित्र वाटतं.

दुसरी चूक सेलमुळे होते. पाचवा भाग, 'द फँटम पेन' (२०१५), दिसायला नवा, खेळायला सगळ्यांत सुटसुटीत आणि सेलमध्ये बऱ्याचदा स्वस्त. म्हणून तोच आधी घेतला जातो. सुरुवातीला नायक नऊ वर्षांच्या कोमातून हॉस्पिटलमध्ये जागा होतो. तो कोमात का गेला, ते 'ग्राउंड झीरोज' (२०१४) या छोट्या भागात आहे. आणि 'ग्राउंड झीरोज'मध्ये ज्या पाझ आणि चिकोला सोडवायला जायचं, ती दोघं कोण हे 'पीस वॉकर'मध्ये (२०१०). 'पीस वॉकर' मूळचा पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलचा आणि नावात आकडा नाही, त्यामुळे तो साइड गेम समजून वगळला जातो. खरं तर तिसऱ्याचा धागा पुढे नेणारा भाग तोच. पाचवा खेळताना 'हे सगळे एकमेकांना इतकं ओळखतात कसे?' असं वारंवार वाटू लागलं, तर मधला भाग सुटलाय असं समजावं.

म्हणजे सुरुवात १९९८ च्या पहिल्यापासून, आणि पुढे प्रदर्शनाच्या क्रमाने: २, ३, ४, 'पीस वॉकर', 'ग्राउंड झीरोज', 'द फँटम पेन'. पहिल्याच्याही आधीचे, एमएसएक्स या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरचे १९८७ आणि १९९० चे दोन गेम सोडले तरी चालतात. पहिल्या भागाच्या मेन्यूत SPECIAL मध्ये PREVIOUS OPERATIONS आहे, तिथे त्या दोघांची कथा वाचायला मिळते. गंमत म्हणजे हा पर्याय बहुतेक जण उघडतच नाहीत.

आता खरी अडचण. पहिला भाग सुरू करून तासाभरात सोडून देणारे बरेच असतात, आणि त्याचं कारण बहुधा कथा नसते. कॅमेरा वरून आणि ठरलेला, त्यामुळे समोरचा पहारेकरी पडद्यावर दिसतच नाही. आजच्या सवयीने आपण पात्राकडे बघत चालतो, आणि पकडले जातो. इथे नजर कोपऱ्यातल्या रडारवर हवी. त्यावर पहारेकऱ्यांच्या नजरेचे शंकू दिसतात, ते चुकवत सरकायचं. एकदा अलार्म झाला की रडार जाम होतं, तेव्हा पळत सुटण्यापेक्षा लपून राहिलेलं बरं. हेलिपॅडवरच्या बर्फात आपल्या पावलांचे ठसे उमटतात आणि पहारेकरी त्यांचा माग काढत येतो. भिंतीला चिकटून ठोकलं की तो आवाजाच्या दिशेने येतो, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने निसटता येतं.

हमखास अडकण्याची आणखी एक जागा म्हणजे मेरिल या पात्राशी रेडिओवर बोलण्यासाठी लागणारी फ्रीक्वेन्सी. 'सीडीच्या केसच्या मागे बघ' असं सांगितलं जातं. त्याच सुमारास एक डिस्कही आपल्या हाती आलेली असते, म्हणून लोक ती पुन्हा पुन्हा उघडून बघतात. पण इशारा खऱ्या, दुकानातून आणलेल्या केसकडे होता. तिच्या मागच्या बाजूला कोडेकवर, म्हणजे गेममधल्या रेडिओवर, बोलण्याचा एक फोटो होता आणि त्यात नंबर होता: 140.15. डिजिटल कॉपी घेतलेल्याकडे केस कुठून येणार? तेव्हा हा नंबर सरळ कोडेकवर लावा, यात फसवणूक वगैरे काही नाही.

एवढं करूनही जुना कॅमेरा सोसवत नसेल, तर माझ्या मते एकच पळवाट मान्य करण्यासारखी आहे: २०२५ चा 'डेल्टा', म्हणजे तिसऱ्याचा रिमेक. कथा तीच, आवाज बहुतांशी तेच, कंट्रोल आजचे. त्यापासून सुरुवात केलीत तर पुढे थेट 'पीस वॉकर'कडे किंवा पाचव्याकडे वळू नका, आधी मागे येऊन पहिला आणि दुसरा खेळा. चौथ्याला हात लावायच्या आधी तर हे तिन्ही झालेच पाहिजेत, कारण त्यात आधीच्या सगळ्यांचे हिशेब चुकते होतात.